रिकामा इनबॉक्स आणि संध्याकाळचे सहा

"मॅडम, ऑफिस सहाला सुटतं, पण फोन रात्री बारापर्यंत सुटत नाही. जेवताना मेल बघतो, झोपताना व्हॉट्सॲप बघतो. नाही बघितलं तर काहीतरी राहून गेलं असं वाटून छातीत धडधडतं. हे थांबवायचं कसं?"

बँकेतील अधिकारी, शिक्षिका, कर सल्लागाराकडील लेखनिक अशा कितीतरी जणांनी समुपदेशक म्हणून मला हेच विचारले आहे. त्यांपैकी एका गृहस्थांची हकिकत ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून येथे देत आहे, कारण या त्रासाचे मूळ त्यांच्या कागदांवर मला सर्वांत स्पष्ट दिसले. ते जळगावच्या एमआयडीसीतील एका डाळमिलमध्ये माल रवाना करण्याचे काम पाहत. मी त्यांना भाऊ म्हणत असे.

नोटिफिकेशन बंद करण्याचा सल्ला त्यांना आधीच मिळाला होता. त्यांनी आवाज बंद केला आणि त्यानंतर फोन जास्तच पाहू लागले, कारण फोन शांत आहे याचा अर्थ मेल आला नाही असा राहिला नव्हता. म्हणून मी त्यांना काहीही बंद न करता तीन दिवस एक कागद भरायला सांगितला. फोन केव्हा उघडला, उघडण्याआधी मनात काय आले, आत काय सापडले आणि नंतर कसे वाटले, एवढेच त्यात लिहायचे होते.

कागदावर एका संध्याकाळच्या नोंदी अशा होत्या. ७.१०: नागपूरच्या पार्टीने डाळीच्या ओलाव्याबद्दल क्लेम टाकला असेल, काही नाही, हायसे वाटले. ७.२२: तोच विचार, काही नाही, हायसे वाटले. ७.३१: पुन्हा तेच. ८.०५ वाजता मात्र एका ट्रान्सपोर्टवाल्याचा खरोखरच निरोप आला होता. भाऊंनी त्याला उत्तर दिले आणि त्यापुढची नोंद थेट ८.५० ची होती.

"७.१० ला खात्री झाली होती ना? मग ७.२२ ला का उघडलात?" मी विचारले.

"तेवढ्या वेळात आला असेल असं वाटलं."

"आणि निरोप खरंच आला, त्यानंतर पाऊण तास का नाही उघडलात?"

ते बराच वेळ बोट फिरवत नोंदी पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मॅडम, काही सापडलं की मी थांबतो, आणि काही नसलं की पुन्हा बघतो. मी मेल बघतच नाही, नाहीये हे बघतो."

हे वाक्य त्यांचे त्यांना सापडले, याचे मला आजही समाधान वाटते, कारण मी तासभर समजावले असते तरी ते इतके पक्के बसले नसते. फोनची सवय नव्या निरोपाच्या आकर्षणाने लागते असे सर्वत्र सांगितले जाते आणि अनेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु ज्याला इनबॉक्सची भीती वाटते त्याच्यासाठी खरे बक्षीस असते ते "काही नाही" हे कळल्यावर मिळणारे हायसेपण. धास्ती वाढते, फोन उघडला की उतरते, आणि उघडल्यामुळे उतरली एवढेच मन शिकते. ती न उघडताही उतरली असती हे शिकण्याची संधीच त्याला मिळत नाही. मी वर्तनाकडून विचार करणारी समुपदेशक असल्यामुळे मला "भीती का वाटते" यापेक्षा "भीती वाटल्यावर आपण काय करतो" हा प्रश्न अधिक उपयोगी वाटतो.

तरीही भाऊंची धास्ती अगदी निराधार नव्हती. पूर्वी एकदा त्यांचा ट्रक वाटेत बिघडला, मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत संपली, त्याबद्दलचा निरोप त्यांनी सकाळी पाहिला आणि शेठचे खूप बोलणे खावे लागले. या बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते आणि ती संपण्याच्या आधीचे किंवा नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवून घेता येते. एवढी एक गोष्ट खरोखर रात्रीची होती. बाकी क्लेम, भाव आणि पेमेंट ही सर्व कामे सकाळची असूनही त्याच भीतीच्या छत्राखाली आली होती.

अपुरे काम मनात घोळत राहते, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगारनिक यांनी १९२७ मध्ये मांडले. पुढे २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवले की काम पूर्ण झाले नाही तरी ते केव्हा आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली, तर त्याचे घोळणे कमी होते. त्यामुळे दिवस बंद करताना इनबॉक्स रिकामा करण्याची गरज नसते. प्रत्येक उघड्या कामाला पुढचे पाऊल आणि वेळ मिळणे पुरेसे असते.

आम्ही ठरवलेला क्रम ५.४० ला सुरू होई. भाऊ इनबॉक्स एकदाच वरपासून खालपर्यंत पाहत. दोन मिनिटांत होणारे उत्तर तेथेच देत आणि बाकी सर्व वहीत उतरवत. "नागपूर क्लेम" एवढे लिहिलेले मी चालू दिले नाही, कारण तेवढ्याने मन सुटत नाही. "नागपूर क्लेम: उद्या १० वाजता लॅबकडून ओलाव्याचा रिपोर्ट मागवणे, ११ वाजता पार्टीला फोन" असे लिहायचे होते. त्यानंतर रस्त्यावरच्या गाड्यांपैकी कोणाचे बिल आज मध्यरात्री संपते ते पाहायचे आणि त्या ड्रायव्हरला स्वतः फोन करायचा. मग ग्रुपवर रोज एकच निरोप जाई: "आजचे काम बंद. गाडीची अडचण असेल तर फोन करा. बाकी उत्तरे उद्या ९.३० नंतर." शेवटी संगणकावरील मेल बंद, फोनवरील मेलचे नोटिफिकेशन बंद, वही ड्रॉवरमध्ये आणि तोंडाने मोठ्याने "आजचं काम झालं". हे वाक्य म्हणायला त्यांना पहिल्यांदा संकोच वाटला, परंतु मी त्यावर अडून राहिले. दिवस संपल्याची एक ठळक खूण लागते.

शेठशी बोलण्याचे त्यांच्या जिवावर आले होते. शेठ मात्र एवढेच म्हणाले, "गाडीचं असलं तर मी फोनच करतो ना!" रात्री डू नॉट डिस्टर्ब लावून शेठ, ड्रायव्हर आणि घरची माणसे यांचे कॉल चालू ठेवले. तातडीच्या कामाला स्वतःची वाट मिळाल्याशिवाय कोणालाही इनबॉक्स बंद करायला सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला आठवडा कठीण गेला. साडेसातच्या सुमारास धडधड वाढे. तेव्हा फोन न उघडता ती किती वाजता वाढली आणि किती वाजता उतरली एवढेच कागदावर लिहायचे होते. ती आपोआप उतरते हे त्यांच्याच अक्षरात कागदावर आले. पण भाऊंच्या पत्नीने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: "हे आता फोन बघत नाहीत, पण ताटावर बसून मला चारदा विचारतात, वाजला का गं?" तपासणे थांबले नव्हते, फक्त दुसऱ्याकडून होऊ लागले होते. मी वहिनींना "नाही वाजला" हे उत्तरही न देता "तुम्ही सहाला वही बंद केली आहे" एवढेच म्हणायला सांगितले. पुढे ते घरी निघण्यापूर्वी वही दोनतीनदा उघडून पाहू लागले, तेव्हा तिलाही एकदाच वाचण्याची मर्यादा घातली. बंद करण्याचा क्रम वीस मिनिटांवर लांबू लागला किंवा पुन्हा पुन्हा होऊ लागला, की तोही तपासणेच झाला असे समजावे.

दीडेक महिन्यानंतर संध्याकाळच्या नोंदी दोन-तीनवर आल्या. क्लेमचा एक मेल खरोखरच रात्री आला. भाऊंनी तो सकाळी साडेनऊला वाचला आणि वहीतल्या पद्धतीने निकाली काढला. महिनाअखेरीला धास्ती अजून डोके वर काढते, तेव्हा ते आठवडाभर पुन्हा कागद भरतात.

काहींना हा क्रम पुरत नाही. मालक रात्री अकरालाही उत्तर मागत असेल, तर आधी कामाच्या वेळा ठरवून घ्याव्या लागतात. वहीने ते होणार नाही. फोनबरोबर कुलूप आणि गॅसही पुन्हा पुन्हा तपासला जात असेल, झोप मोडत असेल किंवा धडधड दिवसभर राहत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर ती चिंताच आहे असे गृहीत न धरता लगेच डॉक्टरांकडे जावे. जवळपास मनोविकारतज्ज्ञ नसतील, तर टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.