टायर पॉलिश, सिलिकॉन आणि साइडवॉलच्या चिरा: क्लेम नाकारण्याआधी टायरची आतली बाजू बघा

प्रश्न: "सोसायटीत गाडी धुणारा दर आठवड्याला टायरला चकाकीचा स्प्रे मारतो. आता साइडवॉल तपकिरी दिसतेय आणि बारीक चिरा पडल्यात. टायरवाला म्हणतो सिलिकॉनने रबर खाल्लं, क्लेम मिळणार नाही. खरंच सिलिकॉनने टायर खराब होतो का? मग साफ करायचं तरी कशाने?"

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य अगदी ह्याच शब्दांत मला एका क्लेम काउंटरवर ऐकवलं होतं. मी रबर कंपनीत वगैरे नाही, पण त्या प्रकरणात पडल्यावर बरंच वाचलं, दोन जुन्या रिमोल्डवाल्यांशी बोललो, त्यामुळे जे सांगतो ते त्या हिशोबाने घ्या. टायरला फुगा आला असेल किंवा चिरेतून आतला धागा दिसत असेल तर हे वाचत बसू नका, आधी टायर बदला.

आधी सिलिकॉनचं. स्प्रेमध्ये जे सिलिकॉन तेल असतं ते टायरच्या रबरात विरघळत नाही आणि रबराला विरघळवतही नाही, नुसतं वर बसून राहतं आणि चकाकतं. नुकसान करतं ते बहुतेक वेळा त्या तेलाला पातळ करायला घातलेलं पेट्रोलियम सॉल्व्हंट, म्हणजे नाफ्था किंवा रॉकेलच्या जातीचं काहीतरी. टायरचं रबर अशा द्रवात फुगतं, त्याच्या आत मुरवलेलं मेण आणि संरक्षक रसायनं थोडी थोडी बाहेर येतात, मग सॉल्व्हंट उडून जातं आणि रबर पहिल्यापेक्षा कोरडं राहतं. म्हणूनच असा स्प्रे मारलेला टायर संध्याकाळी काळाभोर दिसतो आणि चार दिवसांत आधीपेक्षा जास्त राखाडी, मग धुणारा परत मारतो. आपल्याकडे तर कित्येक जण डिझेलमध्ये नाहीतर रॉकेलमध्ये काळं पॉलिश कालवून फडक्याने फिरवतात, ते ह्यातलं सगळ्यात वाईट.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की काही टायर कंपन्या स्वतःच्या सूचनांमध्ये पेट्रोलियम आणि अल्कोहोलच्या जोडीने सिलिकॉनचंही नाव घेतात. काउंटरवाले त्याच ओळीवर बोट ठेवतात. माझं मत असं की ती ओळ सरसकट सावधगिरीची आहे, तुमच्या टायरवरची अमुक चीर पॉलिशमुळेच पडली ह्याचा तो पुरावा होत नाही.

मग चिरा कशाने पडतात? मुख्य कारण ओझोन. वाहनांचा धूर आणि ऊन मिळून हवेत थोडा ओझोन कायम असतो, आणि नैसर्गिक रबरासारखी टायरमध्ये वापरली जाणारी रबरं त्याला बळी पडतात, तेही जिथे रबर ताणलेलं असेल तिथे. चीर नेहमी ताणाला आडवी पडते. हे माहीत असतं म्हणूनच कारखान्यात रबरात मेण आणि ६पीपीडी नावाचं ओझोनविरोधी रसायन मिसळतात. दोन्ही हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. तुम्हाला दिसतोय तो तपकिरी थर बहुधा तोच, हवेशी झुंज देऊन तपकिरी पडलेलं ते रसायन. म्हणजे तपकिरीपणा हा रोग नाही, टायर आपलं काम करतोय. तो थर दर आठवड्याला कडक डिग्रीजर आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढला की टायरला नवा थर आणायला आतला साठा खर्चावा लागतो, आणि तो साठा मर्यादितच असतो.

मेण वर यायला टायर फिरावा, वाकावा लागतो. मुंबईत आपली अर्धी दुनिया सोमवार ते शुक्रवार लोकलने जाते आणि गाडी कंपाउंडमध्ये तशीच उभी, तीही एकाच बाजूने ऊन खात, हवा कमी झालेली. हवा कमी म्हणजे साइडवॉल जास्त फुगलेली, म्हणजे ताण जास्त, वर मेण ताजं नाही. अशा गाडीला कमी किलोमीटरमध्येही चिरा पडतात आणि दोष पॉलिशवर जातो.

आता माझं प्रकरण, कारण तुमच्या कामाचं हेच आहे. मार्च २०२२ मध्ये एका मोठ्या दुकानातून चारही टायर घेतले. २०२४ च्या पावसाळ्यानंतर पुढच्या दोन्ही टायरांच्या साइडवॉलवर केसासारख्या चिरा दिसल्या. काउंटरवरच्या माणसाने टायरवरून बोट फिरवलं, बोटाला चिकट लागलं, आणि फॉर्मवर 'बाह्य रसायनामुळे नुकसान' लिहून मोकळा झाला. टायर रिमवरून उतरवला नाही, गाडी उचललीसुद्धा नाही. मी म्हटलं आतली बाजू बघा, तर म्हणे त्याची गरज नाही. वर फॉर्मची प्रत मागितली तर सिस्टिममधून निघत नाही. तीन खिडक्यांवर फिरवलं आणि प्रत्येकाने पुढच्याकडे बोट दाखवलं. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण दोन मिनिटांचं काम होतं.

ते दोन मिनिटांचं काम मग मी ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे करून घेतलं. गाडी जॅकवर, चाकं काढली, टॉर्च मारला. आतल्या साइडवॉलवर, जी गाडीच्या पोटाकडे असते आणि जिथे कुठलाही धुणारा कधीही स्प्रे मारत नाही, तिथे तशाच चिरा, जवळपास तितक्याच. बाहेर पॉलिश आणि ऊन, आत ना पॉलिश ना ऊन, तरी चिरा सारख्याच, मग पॉलिशने पडल्या हे कसं म्हणणार? मग डीओटी नंबर बघितला, त्याचे शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर ३८१९, म्हणजे २०१९ चा अडतिसावा आठवडा, सप्टेंबर. म्हणजे मला नवा म्हणून दिला तेव्हाच टायर अडीच वर्षं जुना होता, आणि बिलावर ह्याचा एक शब्द नाही. हे पूर्ण चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेले असतात आणि ती बाजू आत गेली की बाहेरून दिसत नाहीत, दुकानदाराला तर सोयीचंच.

फोटो लावून, नकाराचं कारण लेखी द्या असा ईमेल टाकला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. त्यानंतर वापराप्रमाणे किंमत कापून थोडी रक्कम मिळाली, पूर्ण नाही. तुमचं तसंच होईल असं नाही, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात की बनवल्याच्या ते कार्डावर वाचा. पण आधी आतली बाजू बघा. उलट निघालं, म्हणजे आत रबर स्वच्छ आणि चिरा फक्त बाहेर, तर ऊन किंवा सॉल्व्हंट ह्यांच्यावर संशय घ्यायला जागा आहे, आणि मग क्लेमसाठी फार भांडू नका. बाहेरच्या चिरा ज्या बाजूला ऊन लागतं तिथल्याच टायरांना असतील तर ऊन, चारही चाकांना सारख्या असतील तर त्या डब्यात काय आहे ते बघा.

डब्यात काय आहे हे कळायला सोपं आहे. लेबलवर पेट्रोलियम डिस्टिलेट, नाफ्था किंवा ज्वालाग्राहीची खूण दिसली की परत ठेवा. लेबलच नसेल, गाडी धुणाऱ्याच्या बाटलीवर कुठे असतं, तर पाण्याच्या ग्लासात थोडे थेंब टाका. पाणी दुधाळ होऊन मिसळलं तर बहुतेक पाण्यावर आधारित, आणि वर तवंग तरंगला, वास रॉकेलसारखा आला तर सॉल्व्हंटवालं. शंभर टक्के खात्रीची चाचणी नाही ही, काही दुधाळ द्रवांतही थोडं सॉल्व्हंट असतं, म्हणून वास जरूर घ्या.

धुताना टायर थंड असू द्या, उन्हातून आलेल्या गाडीवर लगेच काही लावू नका. आधी पाण्याने माती उडवा, मग गाडीचा साधा शाम्पू आणि मऊ नायलॉनचा ब्रश, जुना काळा चिकट थर फार असेल तर एकदाच ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाण्यात. फेस पहिल्यांदा तपकिरी येतो, दुसऱ्यांदा फिका, तिथे थांबा. फेस पांढराशुभ्र होईपर्यंत घासत बसायचं नाही, ते वरचं मेण टायरचंच आहे. धुऊन पूर्ण वाळू द्या. चकाकी हवीच असेल तर पाण्यावर आधारित ड्रेसिंग स्पंजवर घेऊन साइडवॉलवर पातळ पुसा, दहा-पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं काढा. महिन्यातून एकदा पुरे. ड्रेसिंगने टायरचं आयुष्य वाढतं, रबराला पोषण मिळतं वगैरे जे छापलेलं असतं त्यावर मी विश्वास ठेवत नाही, ते दिसण्यासाठी आहे. उन्हापासून वाचवायला टायरमधला कार्बन ब्लॅक आधीच आहे, तो काळा रंग त्याचाच.

थेट चाकावर स्प्रे मात्र कधीच मारू देऊ नका. तुषार ब्रेक डिस्कवर गेला की पहिले काही ब्रेक लागत नाहीत आणि जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर गेला की टायर घसरतो, पहिल्या पावसात तर विचारायलाच नको. दुचाकीला तर अजिबात नाही, वळणावर बाइक झुकली की साइडवॉलच्या शेजारचाच भाग रस्त्याला लागतो. आणि हो, गाडी डेंटिंग पेंटिंगला टाकणार असाल तर काही आठवडे आधीपासून हे बंद करा, पत्र्यावर उडालेलं सिलिकॉन नीट निघालं नाही तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि पेंटर तुमच्यावरच ओरडेल.

गाडी धुणाऱ्याला ओरडू नका, त्याला कोणी हे सांगितलेलंच नसतं. माझ्याकडे येतो त्याला मीच शाम्पू आणि ब्रश आणून दिला आणि टायरला बाकी काही लावायचं नाही असं ठरवलं. हवा दर पंधरा दिवसांनी, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, आणि रविवारी निदान अर्धा तास गाडी फिरवा.

चाकं काढाल तेव्हा आतल्या साइडवॉलचा आणि त्या चार आकड्यांचा फोटो इथे टाका. चीर नखाला लागते का तेही लिहा, नख अडकत असेल तर क्लेम मिळो न मिळो, तो टायर घेऊन एक्सप्रेसवेला जाऊ नका.