टाकला, आपटला की अंगावर फेकला?

प्रिय मित्रा,

तुझ्या तक्रारीचा कच्चा मसुदा वाचला. "सुपरवायझर साहेब नेहमी ओरडतात, वस्तू फेकतात, दारं आपटतात" एवढंच त्यात आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही शॉपमधला माणूस हेच वाक्य लिहील. त्यावर साहेबांचं उत्तर तयारच असतं: "कामाचा ताण होता, आवाज जरा चढला." एका दिवसाची एकच घटना घे आणि ती अशी लिही की या उत्तराला जागाच उरणार नाही.

आधी क्रियापद तपास. जॉब 'टाकला' म्हणजे हातातून सोडला. 'आपटला' म्हणजे जोर लावून टेबलावर किंवा जमिनीवर मारला. 'भिरकावला' म्हणजे हवेतून लांब गेला, नेम असो वा नसो. 'अंगावर फेकला' म्हणजे रोख तुझ्याकडेच होता. चौकशीला बसलेला माणूस पहिला प्रश्न इथेच विचारतो, आणि तू आपटलेल्याला फेकलेलं म्हटलं असशील तर पुढचं खरंही खोटं वाटायला लागतं. रोख दाखवायचा तर 'मुद्दाम' लिहून भागत नाही. तीन जागा लिही: तू कुठे उभा होतास, ते कुठे होते, वस्तू कुठे जाऊन पडली. अंतर नंतर टेपने मोज. वस्तूचं वजन स्टोअरच्या काट्यावर कर.

तुझी मंगळवारची घटना मी अशी लिहिली असती:

"रात्री 8.40 च्या सुमारास मी 3 नंबर सीएनसीपाशी उभा होतो. बुशचा बोअर 0.08 मिमी मोठा झाला होता. ऑफसेट मी चुकीचा टाकला होता. साहेब इन्स्पेक्शन टेबलाजवळ, माझ्यापासून अंदाजे 10 फुटांवर होते. त्यांनी टेबलावरचा तोच बुश (वजन 1.2 किलो) उजव्या हाताने खांद्यावरून माझ्या दिशेने फेकला. तो माझ्या डाव्या पायापासून दीड फुटावर कॉंक्रीटवर पडला, तिथे टवका उडाला आहे. मी मागे सरलो. मला लागलं नाही. ते म्हणाले, 'डोळं फुटल्यात काय तुझं? काय करूलास हितं?' नंतर 'होरगे होगू' असं दोनदा म्हणाले. मी 'चूक झाली साहेब' म्हणालो."

आपली चूक लपवली नाही, हे बघितलंस? ऑफसेटची गोष्ट साहेब सांगणारच आहेत. ती त्यांच्या तोंडून आली तर तू लपवलीस असं होतं. 'लागलं नाही' हेही तसंच. लागलं असतं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन कशाने लागलं ते केसपेपरवर लिहून घ्यावं लागलं असतं.

शब्द जसे कानावर पडले तसेच ठेव. आपल्याकडे एकाच वाक्यात मराठी, कन्नड, हिंदी येतं. त्याचं शुद्ध मराठी करू नकोस. कन्नड शब्द खाली अर्थासह दे, जसं 'होरगे होगू' म्हणजे 'बाहेर जा', आणि कन्नड येणाऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घे. 'घाण शिव्या दिल्या' याने काहीच कळत नाही. शिवी जशीच्या तशी लिहायची, लाज वाटली तरी. जातीवरून किंवा बाईमाणसाला उद्देशून काही बोलले असतील तर तो शब्द गाळूच नकोस, कारण त्याला वेगळा कायदा लागतो.

आवाज मोजायला यंत्र लागत नाही. 'खूप मोठ्याने' याऐवजी लिही की दोन मशीन चालू असताना तिसऱ्या मशीनवरच्या माणसाने मान वळवली, किंवा स्टोअरमधला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

दाराचं जरा जपून. केबिनच्या दाराचा क्लोजर बिघडला असेल तर ते रोजच धाडकन लागतं, आणि पावसाळ्यातल्या आपल्या वाऱ्यात तर विचारूच नकोस. म्हणून हात कुठे होता ते लिही: 'मूठ धरून दार ओढलं, काच थरथरली, पुन्हा उघडून दुसऱ्यांदा तसंच लावलं.' आत-बाहेर कोण होतं तेही टाक. दार आपटलेलं दिसलं नाही, फक्त ऐकू आलं, तर 'ऐकू आलं' एवढंच.

हे सगळं त्याच रात्री वहीत उतरव, तारीख-वेळ घालून. नंतर आठवलेलं खाली नव्या तारखेने लिही, आधीच्या ओळीवर गिरवू नकोस. टवक्याचा फोटो शेजारी टेप ठेवून काढ, पण शॉपमध्ये मोबाईलला बंदी असेल तर आधी परवानगी घे. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी 'मंगळवार रात्री 8.30 ते 9 चं फुटेज जपून ठेवावं' असा दोन ओळींचा अर्ज दे. साक्षीदारांची नावं लिही, पण त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या तोंडूनच येऊ दे. सगळ्यांची वाक्यं सारखी निघाली तर पढवलेली वाटतात.

'नेहमी' हा शब्द खोड. आधीच्या दोन घटना आठवत असतील तर तारीख किंवा निदान आठवडा देऊन शेवटी जोड. आठवत नसतील तर सोडून दे.

तुझ्याकडे 20 हून जास्त कामगार आहेत, म्हणजे तक्रार निवारण समिती असायला हवी. अर्ज तिच्या नावाने आणि एक प्रत एचआरला. त्यांना कन्नड किंवा इंग्रजी हवं असेल तर भाषांतर करून घे, मात्र तुझा सही केलेला मराठी कागद सोबत जोड आणि वाद झाल्यास तोच मूळ धरावा असं वर लिही. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नकोस.