तोंडाचे कोपरे फाटणे, गुळगुळीत जीभ आणि ‘नॉर्मल’ एमसीव्ही

प्रश्न: मी ३८ वर्षांची आहे. महिनाभर तोंडाचे दोन्ही कोपरे फाटतायत, जीभ गुळगुळीत झाली आहे आणि झोंबते. सीबीसीत हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ८८ म्हणजे नॉर्मल. मग लोह किंवा बी-१२ कमी नाही असं समजायचं का? अजून कोणत्या टेस्ट कराव्यात?

उत्तर: नाही, तसं समजू नका. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की मोठ्या. दोन्ही एकदम कमी असेल तर लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी बरोबर मधे येऊ शकते, आणि एमसीव्ही म्हणजे ती सरासरीच. तुमच्याच रिपोर्टमध्ये आरडीडब्ल्यू बघा. पेशींच्या आकारात किती फरक आहे ते तो सांगतो. साधारण १४.५ पर्यंत ठीक. तो १८-१९ असेल तर ८८ चा तो नॉर्मल आकडा फसवा असण्याची शक्यता बरीच आहे.

जीभ आधी का बोलते? तिच्यावरच्या बारीक लवेच्या पेशी सतत झडतात आणि नव्याने तयार होतात. नवीन पेशी बनवायला लोह, बी-१२ आणि फोलेट लागतं. पुरवठा आटला की लव झडते, पण नवी उगवत नाही. म्हणून हिमोग्लोबिन घसरण्याआधीही जीभ गुळगुळीत दिसू शकते. लोहाच्या कमतरतेत ती बहुधा फिकट असते आणि बी-१२ च्या कमतरतेत लालभडक, पण नुसत्या रंगावर निदान करू नये. गुळगुळीत चट्टे पांढऱ्या कडांचे असतील आणि दर काही दिवसांनी जागा बदलत असतील, तर तो वेगळाच, निरुपद्रवी प्रकार असतो.

कोपऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथल्या चिरेत बहुतेक वेळा कँडिडा बुरशी किंवा स्टॅफिलोकॉकस जंतू असतात. मायकोनाझोलसारख्या मलमाने चीर भरते आणि मलम थांबवलं की पुन्हा उघडते. असं वारंवार होत असेल तर रक्ताबरोबर साखरही तपासून घ्या. एकच कोपरा फाटत असेल तर आधी दात किंवा कवळी बघायची.

आता टेस्ट. पहिली आणि स्वस्तातली म्हणजे पेरिफेरल स्मिअर, काचपट्टीवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने बघायचं. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर पांढऱ्या न्यूट्रोफिल पेशींच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे दिसतात. एरवी तीन-चार असतात. लोहाच्या कमतरतेने एमसीव्ही झाकला गेला तरी ही खूण बहुधा टिकून राहते.

मग फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारी टेस्ट. १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला, आणि ३० च्या खाली असेल तरी बहुतेक डॉक्टर कमतरताच धरतात. फक्त ताप, संसर्ग किंवा सांधेदुखीसारखी सूज असेल तर फेरिटिन उगाच वाढतं, म्हणून सोबत सूज दाखवणारी सीआरपी टेस्ट करावी. नुसत्या सीरम आयर्नवर विसंबू नका, ते एका दिवसातही वर-खाली होतं.

बी-१२ आणि फोलेटचं रक्त इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी द्यायचं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो: बी-कॉम्प्लेक्स चालू असताना आकडा चांगला येतो आणि शोध थांबतो. घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबला सांगा. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता. २०० ते ३०० मध्ये अडकलं तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड करतात, ते वाढलेलं असेल तर पेशींना बी-१२ खरोखर कमी पडतंय. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र ते तसंही वाढतं.

समजा फेरिटिन ९, बी-१२ १४० आणि आरडीडब्ल्यू १९ आला. अशा वेळी फक्त लोह दिलं तर काही आठवड्यांत एमसीव्ही शंभरी ओलांडू शकतो, कारण झाकलेली बी-१२ ची कमतरता उघडी पडते. आणि बी-१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड कधीच घेऊ नये: रक्त सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान चालूच राहतं. पायांना मुंग्या किंवा चालताना तोल जाणं सुरू झालं असेल तर सगळ्या रिपोर्टची वाट बघत बसू नका. रक्त देऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही एकदम का कमी झालं, हे शोधायलाच हवं. जठराच्या स्वयंप्रतिकार आजारात ॲसिड कमी होतं म्हणून आधी लोह शोषलं जात नाही, पुढे बी-१२ ही नाही. त्यासाठी बी-१२ शोषायला लागणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टर या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी बघतात. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिएक आजारासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ताची टेस्ट. मेटफॉर्मिन किंवा ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तेही सांगा. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर लोहाचं कारण तिथेच सापडेल, पण बी-१२ चं नाही.