आबांची बायपास झाली, आता छातीचं हाड जपा

भावा, आबांची बायपास नीट झाली हे वाचून लई हलकं वाटलं बघ. पण आता घरी आल्यावर खरी कसोटी हाय, छातीचं मधलं हाड कापून तारेनं बांधलेलं असतंय, ते जुळायला ६ ते ८ आठवडे तरी जातात. तोवर हातावर जोर देऊन उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग तू पाठीला आधार द्यायचा, काखेत धरून ओढू नको. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. हाड कटकट वाजलं, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर लगेच सर्जनला फोन लाव. मधूनच चिडतील, रडतील पण, असं होतंय बऱ्याच जणांना. आणि तांबडा रस्सा मागितला तर सरळ डॉक्टरांवर ढकल!