स्पॉटिफायमधली बटणे : बंद केल्याने नेमके काय बंद होते?

‘Tailored Ads’ बंद करून महिना झाला, तरी जाहिराती तितक्याच येतात. बटण बिघडले आहे का?

बटण ठीक आहे. जाहिराती येतात त्या खाते मोफत असल्यामुळे, आणि त्यांच्या संख्येशी या बटणाचा संबंध नाही. ते बंद केल्यावर थांबते ती देवाणघेवाण : तुमची माहिती जाहिरात-भागीदारांकडे जाणे आणि त्यांच्याकडून आलेली माहिती तुमच्यासाठी जाहिरात निवडताना वापरली जाणे. नोंदणीच्या वेळी दिलेले वय व लिंग आणि या क्षणी तुम्ही काय ऐकत आहात, या दोन गोष्टी मात्र वापरात राहतात. समजा, काल तुम्ही एका खरेदीच्या संकेतस्थळावर मिक्सर पाहिला. त्या पाहण्यावरून स्पॉटिफायवर मिक्सरची जाहिरात मागे लागण्याचा रस्ता आता बंद झाला. तरीही तीच जाहिरात ऐकू आली, तर ती तुमच्या वयोगटातील सर्वांसाठीच विकत घेतलेली असू शकते; एवढ्यावरून बटण फसवे ठरत नाही.

माझ्याविषयी त्यांनी काय अंदाज बांधले आहेत, ते पाहता येईल का?

येईल, आणि प्रत्येकाने एकदा पाहावे असे मला वाटते. ब्राउझरमधून खात्याच्या पानावर जाऊन ‘Account privacy’ उघडावे, तेथे ‘Account data’ची प्रत मागावी आणि आलेल्या ईमेलमधून मागणी पक्की करावी. साधारण ५ दिवसांत झिप फाइल मिळते. तिच्यातील `Inferences.json` ही फाइल साध्या नोटपॅडमध्येही उघडते आणि तीत, जाहिरातदारांच्या दृष्टीने तुम्ही कोणत्या गटांत बसता, याच्या त्रोटक नोंदी असू शकतात. घरातले सगळे एकाच खात्यावर गाणी लावत असतील, तर या नोंदी कोणा एकाच्या न राहता घरादाराच्या होतात. ‘Tailored Ads’ बंद केल्याने ऐकण्याचा जुना इतिहास पुसला जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

फेसबुकच्या माहितीचे बटण बंद केले तर लॉगिन जाईल का?

नाही. लॉगिनला लागणारी माहिती घेतली जातच राहते. तेवढी सोडून फेसबुककडील इतर माहितीचा वापर थांबतो.

‘Private session’ लावले की जाहिरातदारांपासूनही लपता येते ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्यातून लपते ते तुमच्या अनुयायांना दिसणारे ऐकणे, आणि गाण्यांच्या शिफारशींवर त्याचा परिणाम होईलच असे नाही. पण ते जाहिरातींचे बटण नव्हे, शिवाय काही वेळाने ते आपोआप संपते.

ऐकण्याची आकडेवारी दाखवणाऱ्या एका अ‍ॅपला मी खाते जोडले होते. तेही या बटणांनी तुटले का?

तुटले नाही, कारण ती परवानगी तुम्ही वेगळी दिलेली आहे. खात्याच्या पानावरील ‘Manage apps’मध्ये त्या अ‍ॅपसमोरचे ‘Remove access’ दाबावे लागते. पुढची माहिती तेव्हापासून थांबते; आधी नेलेली त्या अ‍ॅपकडे राहते आणि ती पुसण्याची विनंती त्यांच्याकडेच करावी लागते.