परदेशी सबस्क्रिप्शनचे पैसे कार्डावरून दर महिन्याला का अडकतात?

प्रश्न: डॉलरमधल्या एका सेवेचे पहिल्या महिन्याचे पैसे क्रेडिट कार्डावरून सहज गेले. दुसऱ्या महिन्यापासून ‘डिक्लाइन्ड’ येतंय. लिमिट शिल्लक आहे. मित्राच्या ऑफिसात तीच सेवा घेतात, तर त्यांना दर महिन्याला नव्याने मंजुरी द्यावी लागते. असं का?

उत्तर: नकार तुमची बँक देते आहे, आणि लिमिटचा त्याच्याशी संबंध नाही. भारतात दिलेल्या कार्डावरून कोणी ठरावीक काळाने आपोआप पैसे कापणार असेल, तर त्यासाठी आधी ई-मँडेट, म्हणजे अशा कपातीला तुम्ही बँकेत दिलेली आगाऊ परवानगी, नोंदलेलं असावं लागतं. रिझर्व्ह बँकेचा हा नियम ऑगस्ट २०१९ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो सक्तीने लागू झाला, आणि त्यातून परदेशी व्यापारी सुटलेले नाहीत. मँडेट नोंदताना एकदा ओटीपी द्यायचा. त्यानंतर प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवायचं आणि ती कपात नाकारायची सोय द्यायची.

मग पहिले पैसे कसे गेले? तेव्हा तुम्ही स्वतः कार्ड नंबर भरून पैसे दिले होते. तो एकदाचा खरेदी व्यवहार धरला गेला, आणि परदेशी व्यापाऱ्याकडे असा व्यवहार बरेचदा ओटीपीशिवायही पार पडतो. दुसऱ्या महिन्यात तुम्ही समोर नव्हता. कंपनीने परस्पर पाठवलेल्या मागणीवर ‘आवर्ती’ अशी खूण असते. ती दिसली की बँक मँडेट शोधते, आणि सापडलं नाही तर मागणी परत पाठवते. पहिल्या पेमेंटनंतर बँकेकडून मँडेट नोंदल्याचा मेसेज आलाच नसेल, तर तुमचं दुखणं बहुधा हेच आहे. अशा वेळी त्याच कार्डावर पुन्हा पुन्हा आपोआप प्रयत्न होऊन काही उपयोग नाही. थकलेलं बिल उघडून तुम्ही हाताने पैसे भरलेत तर ते बरेचदा जातात, पण पुढच्या महिन्याचा प्रश्न तसाच राहतो.

मित्राकडे मँडेट नोंदलेलं असणार. तिथे रक्कम आडवी येतेय. ओटीपीशिवाय आपोआप कापायची मर्यादा एका व्यवहाराला १५,००० रुपये आहे. त्यावर गेलं की दर वेळी मंजुरी लागते, आणि बँकेच्या पूर्वसूचनेतल्या लिंकवरून ती वेळेत दिली नाही तर व्यवहार फसतो. समजा, आठ जणांचे दरमहा २० डॉलरप्रमाणे १६० डॉलर होतात. डॉलर ८८ रुपये धरला तर १४,०८० रुपये, म्हणजे मर्यादेच्या आत. पण त्यावर १८ टक्के जीएसटी लागला की १८८.८० डॉलर, म्हणजे जवळजवळ १६,६१४ रुपये. ऑफिसची जीएसटी नोंदणी असेल तर सेवेच्या बिलिंग माहितीत जीएसटी क्रमांक भरा. मग कंपनी बिलात कर लावत नाही. तो रिव्हर्स चार्जने तुम्ही स्वतः भरायचा असतो. कर चुकत नाही, पण कार्डावरची रक्कम मर्यादेखाली येते. १ लाखापर्यंतची सवलत फक्त विमा हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाची बिलं यांना आहे, सॉफ्टवेअरला नाही.

आणखी एक खोच आहे. मँडेटमध्ये कमाल रक्कमही लिहिलेली असते. ती २,००० असेल आणि प्लॅन वाढवल्यामुळे किंवा डॉलर चढल्यामुळे बिल २,०७६ झालं, तर १५,००० च्या कितीतरी खाली असूनही अडतं. कित्येक महिने चालू असलेली सेवा मध्येच बंद पडली तर आधी हे पाहा.

तुमच्यासाठी क्रम असा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ‘ऑनलाइन’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ हे दोन्ही व्यवहार चालू आहेत ना, ते बघा. नव्या किंवा बदलून मिळालेल्या कार्डावर ते मुळात बंदच असतात. मग ॲपमधली मँडेटची यादी उघडा. बऱ्याच बँकांत ती SI Hub नावाच्या पानावर दिसते. सेवेचं नाव तिथे नसेल तर सेवेच्या बिलिंग पानावरून कार्ड काढून पुन्हा जोडा आणि ओटीपीचं पान येतं का, बँकेचा मेसेज येतो का, यावर लक्ष ठेवा. कार्ड बदललं असेल तरी हीच नोंदणी नव्याने करावी लागते.

पुन्हा जोडूनही मँडेट नोंदलं जात नसेल, तर ती कंपनी किंवा तुमची बँक, दोघांपैकी एकाकडे ही व्यवस्था नाही. दुसऱ्या बँकेचं कार्ड एकदा लावून पाहा. तरी जमलं नाही तर मासिक प्लॅन सोडून वर्षाचे पैसे हाताने एकदाच भरा, किंवा ती सेवा रुपयांत यूपीआय ऑटोपे घेत असेल तर ते निवडा. १५,००० ची मर्यादा मात्र तिथेही आहे.