रजेवर जाण्याआधीचा मेल : ‘पाठवायची होती’ म्हणजे पाठवली की राहिली?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात मी अकौंट्स आणि डिस्पॅच बघते. २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेवर जातेय. सोमवारी कारखान्याला सुट्टी, त्यामुळे रविवार १४ जून हा माझा शेवटचा दिवस. माझी कामं बिलिंगचा नवीन मुलगा बघणार आहे. त्याला हा मेल पाठवतेय. काळ आणि शब्दरचना तपासून द्याल का?

> विषय : रजेबाबत
> मी उद्यापासून रजेवर आहे. पेंडिंग कामे खालीलप्रमाणे.
> १) मे महिन्याचा पीएफ आणि ईएसआय भरते.
> २) जीएसटीआर-१ भरला होता. ३बी परवापर्यंत होईल.
> ३) पुण्याच्या पार्टीला रिजेक्शनची क्रेडिट नोट पाठवायची होती. त्यांनी वजन कळवले की बघून घेणे.
> ४) मशीनिंगला दिलेले १२० हाउसिंग आले आहे, ४० बाकी. चलन फाइलला लावले.
> ५) वाळूवाल्याचे पेमेंट सरांना सांगितले आहे, ते करतील.
> काही अडचण आल्यास फोन करावा.

उत्तर :

ताई, शुद्धलेखनाच्या चुका फार नाहीत. ‘हाउसिंग आले आहे’ तेवढं ‘हाउसिंग आली आहेत’ करा. खरी अडचण क्रियापदांत आहे. तुम्ही हा मेल रविवारी लिहिणार, तो मुलगा मंगळवारी उघडणार आणि जुलैत काहीतरी अडलं की पुन्हा उघडणार. तेव्हा प्रत्येक वाक्य १ जुलैला वाचतोय असं समजून तपासा. मी तेच केलं.

‘उद्यापासून’ मंगळवारी वाचलं तर रजा बुधवारी सुरू झाली असं वाटेल. ‘परवा’ त्याहून वाईट, कारण आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही. ‘होईल’मुळे इथे तो पुढचा आहे एवढं कळतं, पण कुठल्या दिवसापासून मोजायचा? मे महिन्याच्या ३बीची मुदत २० जून आहे, तुमच्या मनातला परवा १६ जून. त्या मुलाला तो १८ वाटेल. आज, उद्या, परवा, येता आठवडा हे सगळे शब्द काढून सरळ तारीख घाला. शिवाय ‘होईल’ कोणाकडून? रिटर्न आपोआप भरलं जात नाही. तुमचे कर सल्लागार भरणार असतील तर तसं लिहा आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो तेही लिहा. तो तुमच्याच फोनवर येत असेल तर ती व्यवस्था रविवारच्या आत बदलून घ्या, नाहीतर बाळ झोपलेलं असताना फोन वाजेल.

आता ‘पीएफ भरते’. मराठीत ‘भरते’ला दोन अर्थ आहेत. एक सवयीचा: दर महिन्याला मीच भरते. दुसरा लगेचचा: थांबा, आत्ता भरते. तुम्हाला दुसरा अभिप्रेत आहे, पण नवीन मुलगा पहिला घेईल आणि ही फक्त माहिती आहे असं समजून पुढे जाईल. पीएफ आणि ईएसआय दोन्हींची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. या वेळी १५ जून म्हणजे नेमका तुमच्या सुट्टीचा सोमवार. तुम्ही रविवारी भरून मोकळ्या झालात तर ‘भरले आहे’ लिहा, आणि खरोखर भरल्यावरच लिहा. राहिलं तर कोणी घरून भरायचं ते आत्ताच ठरवा. मंगळवारी मेल उघडणाऱ्या माणसाच्या हातात तोवर उशिराच्या व्याजाशिवाय काही उरलेलं नसेल.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते ‘होता’, ‘होती’ यांच्याबद्दल. उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी नवा लागलो तेव्हा आधीच्या माणसाने मला चिठ्ठी ठेवली होती: ‘पिग आयर्नवाल्याला आरटीजीएस केले होते.’ मी त्या पार्टीच्या नावापुढे टिक केली. आठ दिवसांनी माल येईना म्हणून फोन केला, तर पलीकडून पैसे कुठे आहेत अशी विचारणा. खाते क्रमांकात एक आकडा चुकला होता आणि रक्कम परत आली होती. त्या माणसाला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्याच्या हातून ‘होते’ लिहिलं गेलं. पुढचं वाक्य लिहायचं तो विसरला.

‘केले आहे’ म्हटलं की काम झालंय आणि आज ते तसंच उभं आहे. ‘केले होते’ म्हटलं की तेव्हा झालं, पण नंतर काहीतरी घडलं असा वास येतो. गोष्ट सांगताना हा वास उपयोगी पडतो. ‘पहिले स्मरणपत्र ५ जूनला पाठवले होते, उत्तर आले नाही, म्हणून ९ जूनला दुसरे पाठवले आहे’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, कारण ‘होते’नंतर पुढचं पाऊल सांगितलंय. मात्र ‘जीएसटीआर-१ भरला होता’ एवढंच लिहून थांबलात तर वाचणारा विचारात पडेल: मग काय झालं? चूक निघाली का? मे महिन्याचा जीएसटीआर-१ ११ जूनपर्यंत भरायचा असतो. तुम्ही भरलाय, तर ‘भरला आहे’ लिहा.

‘पाठवायची होती’ तर तीन तोंडांचं वाक्य आहे. पाठवायची ठरली होती, पण बेत रद्द झाला. पाठवायची होती, राहून गेली. किंवा अजून पाठवायची आहे. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, मेलला आवाज नसतो. काम बाकी असेल तर ‘पाठवायची आहे’, आणि त्याआधी ‘अजून केलेली नाही’ असं स्पष्ट नकारात्मक वाक्य टाका. नकार लिहायला आपल्याला अवघड जातं, आपलं काम राहिलं असं दिसतं म्हणून. पण हा मेल काय राहिलं ते सांगायलाच आहे.

‘बघून घेणे’ही काढा. एक तर आपल्याकडे ‘बघून घेतो’ म्हणजे धमकी! दुसरं, ‘-णे’वाल्या वाक्यात करणारा कोण ते दिसत नाही. सरकारी पत्रांत ‘सादर करणे’ चालतं, तिथे कोणी सादर करायचं ते पत्त्यावरून कळतं. इथे ‘तुम्ही करा’ असं लिहा. तो वयाने लहान असला तरी मेल सरांनाही जाणार, त्यामुळे ‘तू’ नको. आणि पुण्याच्या पार्टीने वजन कळवलंच नाही तर? ‘कळवले की’ ही अट आहे, आणि अट पूर्ण झाली नाही तर काय करायचं ते लिहिलेलं नसेल तर ते काम डिसेंबरपर्यंत तसंच पडून राहतं.

चौथा मुद्दा मी दोनदा वाचला आणि दोन वेगळे हिशेब निघाले. १२० नग दिले, त्यांतले ४० यायचे आहेत, म्हणजे आले ८०? की १६० दिले, १२० आले, ४० राहिले? तुम्हाला पाठ आहे, म्हणून खटकलं नाही. दिले, आले, राहिले असे तीन आकडे लिहा. बेरीज जुळते का हे वाचणाऱ्यालाही तपासता येतं. ‘चलन’ कोणतं, आपलं माल पाठवतानाचं की त्यांचं परत आल्याचं, तेही लिहा. आपल्या चलनाची तारीख हवीच. जॉबवर्कला दिलेलं कास्टिंग एका वर्षात परत यावं लागतं, नाहीतर पाठवलं त्या दिवशीच विक्री झाली असं धरून त्यावर कर लागतो. तारीख नसेल तर वर्ष कुठून मोजायचं?

पाचव्यातला ‘ते करतील’ वरवर बिनचूक आहे. पण ‘ते’ म्हणजे सर की पेमेंट, आणि ‘करतील’ म्हणजे नक्की की बहुधा? मराठीचा भविष्यकाळ अंदाजालाही चालतो: ‘आले असतील, करतील.’ सरांनी हो म्हटलं असेल तर ‘सरांनी मंजूर केले आहे’. नुसतं कानावर घातलं असेल तर ‘सरांना सांगितले आहे, मंजुरी अजून मिळालेली नाही’. या दोन वाक्यांत त्या मुलाने करायचं काम वेगळं आहे.

खालचा मेल मी तुमच्या जागी बसून लिहिलाय. माहिती नव्हती तिथे अंदाज केलाय किंवा जागा सोडलीय, ती तुम्ही भरा. तारखा २६ आठवडे मोजून घातल्यात: १६ जूनपासून धरलं तर रजा १४ डिसेंबरला संपते.

> विषय : माझी रजा १६ जून ते १४ डिसेंबर – तुमच्याकडे येणारी कामे
>
> मी १६ जूनपासून रजेवर असेन आणि १५ डिसेंबरला कामावर येईन. १४ जूनच्या संध्याकाळी कामांची स्थिती अशी आहे.
>
> झालेली कामे. मे महिन्याचा पीएफ आणि ईएसआय आज भरला आहे. पावत्या ___ फोल्डरमध्ये आहेत. मे महिन्याचा जीएसटीआर-१ भरला आहे.
>
> तुम्ही करायची कामे. मे महिन्याचा ३बी अजून भरलेला नाही. मुदत २० जून. कर सल्लागार भरतील. कराची रक्कम तुम्ही त्यांच्याकडून १७ जूनला विचारून घ्या आणि सरांना सांगा. ओटीपी सरांच्या मोबाइलवर येतो.
>
> पुण्याच्या पार्टीची रिजेक्शनची क्रेडिट नोट अजून केलेली नाही, कारण त्यांच्याकडून नाकारलेल्या मालाचे वजन आलेले नाही. १८ जूनपर्यंत आले नाही तर तुम्ही त्यांच्या क्वालिटी विभागाला मेल करा. वजन आल्यावर क्रेडिट नोट तयार करून सरांची सही घ्या आणि पाठवा. ती ३० जूनच्या आत निघाली तर जूनच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवता येईल.
>
> मशीनिंगला १६० हाउसिंग दिली होती. १२० परत आली आहेत, ४० यायची आहेत. आपले चलन क्र. ___, तारीख ___. ते जॉबवर्कच्या फाइलमध्ये आहे. उरलेली ४० ___ पर्यंत आली नाहीत तर तुम्ही त्यांना फोन करा.
>
> सरांच्या निर्णयावर थांबलेले काम. वाळूवाल्याचे ___ रुपये द्यायचे आहेत. सरांना १२ जूनला सांगितले आहे, मंजुरी अजून मिळालेली नाही. १९ जूनला तुम्ही आठवण करा. मंजुरीशिवाय पैसे पाठवू नका.
>
> जूनअखेरपर्यंत दुपारी ४ ते ५ या वेळेत मला फोन करू शकता. त्यानंतर आधी सरांना विचारा.

वाळूच्या कामात ‘पाठवू नका’ मुद्दाम घातलंय. नवीन माणूस उत्साहात जास्तीचं काम करून बसतो. आणि ‘झालेली कामे’ हा परिच्छेद रविवारी संध्याकाळी, पाठवायच्या अगदी आधी पुन्हा वाचा. पीएफचा सर्व्हर त्या दिवशी अडला तर ‘भरला आहे’ हे वाक्य तिथून काढून ‘अजून भरलेला नाही’ असं लिहावं लागेल, आणि सोमवारी कोण भरणार तेही.